शब्दसंबंध आणि ‘गटात न बसणारा शब्द’: पर्याय वाचण्याआधी काय करायचं

शब्दसंबंधाच्या प्रश्नात चुकलेल्या मुलाला मी नेहमी विचारतो, “हाच पर्याय का निवडलास?” उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: “जवळचा वाटला म्हणून.” चारही शब्द त्याला माहीत असतात, त्यांचे अर्थही सांगता येतात, तरी उत्तर चुकतं. याचं कारण कामाच्या क्रमात आहे. तो आधी पर्याय वाचतो आणि मग त्यातला एखादा बसवण्यासाठी नातं शोधतो. खरं काम याच्या बरोबर उलट्या क्रमाने व्हायला हवं.

इथे फक्त अर्थावर चालणारे प्रश्न घेतले आहेत: वस्तू काय काम करते, ती कोणत्या वर्गात मोडते आणि एखादा गुण किती तीव्र आहे. अक्षरांची उलटापालट, यमक किंवा जोडाक्षरं मोजण्याचे प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटतात. ती सवय इथे आणली की नुकसानच होतं.

## १. तयारी: शब्द बाजूला, वस्तू समोर

हा प्रश्न बघा: हिरा, पाचू, मोती, माणिक. यात गटात न बसणारा शब्द कोणता?

बरीच मुलं ‘माणिक’ म्हणतात. बाकीचे तीन शब्द दोन अक्षरी आहेत, हा तीन अक्षरी. शब्दाच्या रूपाकडे पाहिलं की असं काहीतरी हमखास सापडतं, कारण चार शब्दांत एक लांब, एक आखूड, एक वेगळ्या स्वराने संपणारा असणारच.

आता तेच शब्द मिटल्या डोळ्यांनी बघा. हिरा, पाचू आणि माणिक ही जमिनीत तयार झालेली खनिजं आहेत. मोती शिंपल्यातल्या जिवाच्या शरीरात तयार होतो. उत्तर ‘मोती’, आणि त्यासाठी अक्षरं मोजावीच लागली नाहीत.

म्हणून पहिली सवय अशी लावायची: प्रत्येक शब्द वाचला की ती वस्तू किंवा तो अनुभव क्षणभर डोळ्यांसमोर आणायचा. ती कुठे असते? कशासाठी वापरतात? कशापासून होते? एवढे तीन प्रश्न पुरतात.

तपासणी: तुमचं कारण त्याच अर्थाचा दुसरा शब्द घेऊनही टिकतं का? ‘पाचू’ऐवजी ‘पन्ना’ आणि ‘हिरा’ऐवजी ‘वज्रमणी’ ठेवा. मोत्याचं कारण तसंच राहतं. ‘माणिक तीन अक्षरी आहे’ हे कारण लगेच कोसळतं, कारण आता ‘वज्रमणी’ चार अक्षरी झाला.

## २. पर्याय झाका आणि नात्याचं वाक्य करा

सहसंबंधाच्या प्रश्नात एका जोडीतलं नातं दुसऱ्या जोडीला लावायचं असतं. तिथे पहिल्या जोडीचं पूर्ण वाक्य मनात, किंवा सुरुवातीला कागदावर, तयार करायचं. ते होईपर्यंत पर्याय हाताने झाकून ठेवायचे. हे मी शब्दशः सांगतो आहे. तळहात पर्यायांवर ठेवा. डोळा पर्यायांवर गेला की मन आपोआप ओढलं जातं.

वाक्यात दोन्ही शब्द दिलेल्या क्रमानेच आले पाहिजेत आणि क्रियापद ठोस हवं.

उदाहरण: थर्मामीटर : तापमान

- ‘थर्मामीटर तापमानाशी संबंधित आहे.’ हे वाक्य निकामी आहे. ताप, डॉक्टर, पारा, ऊन, सगळंच तापमानाशी संबंधित असतं.
- ‘थर्मामीटरने तापमान मोजतात.’ हे चालेल. आता ‘बॅरोमीटर’ आला की रिकाम्या जागी काय येणार ते पर्याय न बघताही कळतं: हवेचा दाब.

‘संबंधित आहे’, ‘जोडलेलं आहे’, ‘एकत्र असतात’ ही क्रियापदं मी मुलांना वापरूच देत नाही. ती वापरली म्हणजे नातं सापडलेलं नाही, नुसती ओळख पटली आहे.

सावधान: क्रम उलटला की नातंही उलटतं. ‘थर्मामीटर : तापमान’ मध्ये साधन आधी आणि मोजली जाणारी गोष्ट नंतर आहे. पुढची जोडी ‘हवेचा दाब : बॅरोमीटर’ अशी असेल तर ती बरोबर वाटते, पण बरोबर नाही. पर्यायात पूर्ण जोड्या दिलेल्या असतात तेव्हा अशी एक उलटी जोडी हमखास पेरलेली असते.

## ३. नात्याची जात ओळखा

वाक्य झालं की स्वतःला विचारा: हे कामाचं नातं आहे, वर्गाचं आहे, की तीव्रतेचं?

कामाचं नातं सहसा सरळ कळतं. गोंधळ होतो तो वर्गाच्या नात्यात, कारण तिथे दोन वेगळी नाती एकसारखी दिसतात.

पाकळी : फूल आणि गुलाब : फूल या दोन जोड्या बघा. दोन्हीत डावीकडे लहान आणि उजवीकडे मोठं काहीतरी आहे. पण पाकळी हा फुलाचा भाग आहे आणि गुलाब हा फुलाचा प्रकार आहे. ही दोन नाती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

ओळखायला एकच चाचणी लागते. ‘हे एक … आहे’ या वाक्यात शब्द घालून बघा. ‘गुलाब हे एक फूल आहे’ बरोबर वाटतं, म्हणजे प्रकार. ‘पाकळी हे एक फूल आहे’ कानाला लगेच खटकतं, म्हणजे भाग.

आता चाक : सायकल :: ? : ? साठी ‘सायकल : वाहन’ आणि ‘पान : झाड’ असे दोन पर्याय असले तर? पहिला पर्याय मोहात पाडतो, कारण त्यात सायकल आहेच. पण सायकल हा वाहनाचा प्रकार आहे आणि चाक हा सायकलचा भाग. उत्तर ‘पान : झाड’. प्रश्नातला शब्द पर्यायात पुन्हा दिसला की मी जास्त सावध होतो, आणि तुम्हीही व्हा.

## ४. एकापेक्षा जास्त पर्याय बसले तर वाक्य बारीक करा

इथेच सर्वांत जास्त गुण जातात, म्हणून एक उदाहरण सावकाश सोडवू.

सुतार : करवत :: शिंपी : ?
(अ) कापड (ब) सुई (क) सदरा (ड) कात्री

पर्याय झाकून पहिलं वाक्य केलं: ‘सुतार करवत वापरतो.’ आता हात काढून चारही पर्याय या वाक्यात घाला. शिंपी कापड वापरतो. शिंपी सुई वापरतो. शिंपी कात्री वापरतो. तीन पर्याय बसले. ‘सदरा’ तेवढा गेला, कारण तो शिंपी शिवतो.

इथे बहुतेकजण ‘सुई’वर खूण करतात, कारण शिंपी म्हटलं की सुई आठवते. पण वाक्यात तीन पर्याय बसणं म्हणजे वाक्य ढिलं आहे. म्हणजे पर्यायांमधून निवड करायची नाही, परत पहिल्या जोडीकडे जायचं.

करवत म्हणजे काय? ते अवजार आहे, माल नव्हे. वाक्य सुधारलं: ‘सुतार करवत या अवजाराने काम करतो.’ कापड हा माल आहे, ते गेलं. सुई आणि कात्री उरल्या.

पुन्हा पहिल्या जोडीकडे. करवत नेमकं काय करते? ती लाकूड कापते. मग वाक्य झालं: ‘सुतार करवतीने आपला माल कापतो.’ शिंपी आपला माल कशाने कापतो? कात्रीने. सुई जोडण्याचं काम करते. सुताराच्या बाजूला तिच्याशी जुळणारी वस्तू खिळा किंवा हातोडी ठरली असती. उत्तर (ड).

सुधारणा प्रत्येक वेळी पहिल्या जोडीतूनच आली, हे लक्षात घ्या. पर्यायांकडे बघत ‘सुई जास्त महत्त्वाची की कात्री?’ असा विचार केला असता तर तो कधीच संपला नसता.

सावधान: वाक्य गरजेपेक्षा बारीक केलं की उलटी अडचण होते. ‘सुतार दाते असलेल्या करवतीने लाकूड कापतो’ म्हटलं तर कात्रीला दाते नाहीत म्हणून तीही बाद होईल. एकही पर्याय उरला नाही तर शेवटचा तपशील काढून टाका. एक पर्याय उरेपर्यंतच बारीक करायचं.

तपासणी: दोन पर्यायांचा अर्थ जवळजवळ एकच असेल, जसे ‘सूत’ आणि ‘धागा’, तर साधारणपणे दोन्ही चूक असतात. एक बरोबर धरला तर दुसराही धरावा लागतो. वाक्याने त्यातलाच एक पर्याय दिला असेल तर वाक्य पुन्हा तपासा.

## ५. तीव्रतेचे प्रश्न: शिडी उभी करा

तीव्रतेच्या प्रश्नात शब्द एकाच गुणाच्या वेगवेगळ्या पायऱ्या असतात. पाण्याचं तापमान घ्या: गार, कोमट, गरम, कढत. कागदाच्या कडेला खालून वर अशी छोटी शिडी लिहिली की अर्धं काम होतं. मग तीन गोष्टी ठरवायच्या: गुण कोणता, दिशा कोणती आणि उडी केवढी.

राग : संताप :: भीती : ?
(अ) धाकधूक (ब) धैर्य (क) दहशत (ड) भित्रा

वाक्य: ‘राग खूप वाढला की त्याला संताप म्हणतात.’ म्हणजे भीती खूप वाढली की तिला काय म्हणतात? दहशत.

बाकीचे पर्याय का ठेवले असतील ते बघणं जास्त शिकवून जातं, कारण प्रत्येक पर्याय एका ठरावीक चुकीसाठी मांडलेला असतो. ‘धाकधूक’ त्याच शिडीवर आहे, पण भीतीच्या खालच्या पायरीवर. गुण ओळखला आणि दिशा विसरली की इथे पडतो. ‘धैर्य’ विरुद्धार्थी आहे. ‘भित्रा’ हा शब्द भीती वाटणाऱ्या माणसाचं विशेषण आहे, भावनेचं नाव नाही. राग, संताप आणि भीती ही तिन्ही भावनांची नावं आहेत, त्यामुळे चौथं पदही नावच हवं. ही शेवटची गोष्ट काही सेकंदांत तपासता येते आणि अनेकदा एक पर्याय तिथेच गळतो.

आता दिशा उलटी असलेला प्रश्न:

मुसळधार : रिमझिम :: वादळ : ?
(अ) चक्रीवादळ (ब) वारा (क) झुळूक (ड) पाऊस

इथे शिडीवरून खाली यायचं आहे: जोरदार पावसाकडून हलक्याकडे. ‘चक्रीवादळ’ वरच्या दिशेला आहे. ‘पाऊस’ वादळाबरोबर येतो म्हणून आठवतो, पण तो या शिडीवरच नाही. खरा गोंधळ ‘वारा’ आणि ‘झुळूक’ यांत होतो. वारा वादळापेक्षा हलका वाटतो, पण वारा हे संपूर्ण शिडीचं नाव आहे. झुळूकही वारा, वादळही वाराच. तसं मुसळधार आणि रिमझिम या दोन्हींच्या शिडीचं नाव ‘पाऊस’ आहे. पहिल्या जोडीत शिडीचं नाव आलेलं नाही, दोन पायऱ्या आल्या आहेत. म्हणून उत्तर ‘झुळूक’.

सावधान: तीव्रता आणि विरोध एक नाहीत. ‘कोमट : कढत’ एकाच बाजूच्या दोन पायऱ्या आहेत. ‘गार : गरम’ मधल्या रेषेच्या दोन बाजूंना आहेत. ‘पहिला वाढत वाढत दुसरा होतो’ हे वाक्य जमलं तर तीव्रता. पहिला आधी नाहीसा होऊन मग दुसरा येत असेल तर विरोध. राग वाढत जाऊन संताप होतो. भीती वाढून धैर्य होत नाही.

## ६. गटात न बसणारा शब्द: वेगळा शोधू नका, तिघांचा नियम शोधा

या प्रश्नाचं नावच दिशाभूल करतं. ‘वेगळा शब्द ओळखा’ म्हटलं की आपण वेगळेपण शोधायला लागतो, आणि वेगळेपण प्रत्येकात सापडतं.

चष्मा, दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, कॅमेरा

अनेकजण ‘चष्मा’ निवडतात. कारण विचारलं तर, “तो आपण घालतो, बाकीचे घालत नाही.” खरं आहे. पण तसं तर सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवावा लागतो, बाकीचे नाही. दुर्बीण दूरचं दाखवते, बाकीचे खास त्यासाठी नाहीत. या पद्धतीने चारही उत्तरं सिद्ध करता येतात.

म्हणून वाक्य एका शब्दाचं करायचं नाही, तिघांचं करायचं. आणि त्या वाक्यात ‘नाही’ हा शब्द नको. ‘दुर्बीण, सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा अंगावर घालत नाहीत’ या नियमात खुर्चीही बसते आणि डोंगरही. तो गटच नाही. ‘चष्मा, दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक यांतून डोळ्याला त्या क्षणी नीट दिसतं’ हा होकारार्थी नियम आहे आणि तो तीन वस्तूंना खरोखर बांधतो. कॅमेऱ्याचं काम दृश्य टिपून ठेवण्याचं आहे. उत्तर ‘कॅमेरा’.

क्रम असा ठेवा. आधी कोणतेही दोन शब्द घेऊन त्यांना बांधणारा होकारार्थी नियम लिहा. तिसरा त्यात बसतो का बघा. बसला तर चौथा बसतो का बघा. चौथाही बसला तर नियम फार सैल आहे, तो बारीक करा. दोन शब्द बाहेर राहिले तर नियम फार घट्ट किंवा चुकीच्या गोष्टीवर आहे, सुरुवातीची जोडी बदला. ‘सगळी भिंगं असलेली उपकरणं आहेत’ या पहिल्या नियमात चारही बसले होते, तेव्हा कामाकडे वळावं लागलं.

वर्गाच्या प्रश्नात पातळीचा सापळा येतो. गुलाब, मोगरा, फूल, जास्वंद यात चौघांचा वास, रंग, ऋतू शोधत बसू नका. तीन फुलांचे प्रकार आहेत आणि ‘फूल’ हे त्या वर्गाचंच नाव आहे.

तीव्रतेच्या प्रश्नात दोन तऱ्हा असतात. कोमट, गरम, कढत, गार यात ‘गार’ दुसऱ्या बाजूचा आहे. रिमझिम, भुरभुर, मुसळधार, झिमझिम यात सगळे पावसाचेच आहेत, पण तीन हलक्या पावसाचे. पहिल्या प्रश्नात मुलं ‘कढत’ निवडतात, तो सर्वांत टोकाचा आहे म्हणून. कोणत्याही शिडीला टोक असतंच. नुसतं टोकावर असणं हे गटाबाहेर असण्याचं कारण होत नाही.

## ७. दोन उत्तरं सिद्ध होत असतील तेव्हा

असं होतं, आणि दर वेळी चूक सोडवणाऱ्याची नसते. व्हेल, डॉल्फिन, शार्क, वटवाघूळ हा प्रश्न मी स्वतः एकदा सरावासाठी दिला होता. माझ्या मनात उत्तर ‘शार्क’ होतं: बाकीचे तीन सस्तन प्राणी, शार्क मासा. अर्ध्या मुलांनी ‘वटवाघूळ’ लिहिलं: बाकीचे तीन पाण्यात राहतात. दोन्ही नियम होकारार्थी, दोन्ही तिघांना बांधणारे. मला त्यांचे गुण कापता येईनात.

परीक्षेत असा प्रश्न आला तर जास्त मूलभूत नियम निवडा. प्राणी काय आहे हे तो कुठे राहतो यापेक्षा खोलवरचं आहे, तसंच वस्तूचं काम तिच्या रंगापेक्षा किंवा आकारापेक्षा. या न्यायाने इथे ‘शार्क’. पण हा अंदाज आहे, खात्री नाही. त्यामुळे खूण करा, पुढे जा आणि वेळ उरला तर परत या.

नंतर तो प्रश्न सुधारायला मी वटवाघळाच्या जागी सील घातला. आता सगळे पाण्यातले, म्हणून फक्त शार्कच उरेल असं वाटलं. एका मुलीने सांगितलं, “सील तर बाहेर येऊन किनाऱ्यावर झोपतात. बाकीचे तिघे आयुष्यभर पाण्यात असतात.” तिचं बरोबर होतं. शेवटी मी गटच बदलला: बांगडा, तारली, सुरमई, डॉल्फिन. श्वास बघा, पिल्लांना पाजणं बघा, वर्ग बघा, प्रत्येक वाट डॉल्फिनपाशीच येते.

## ८. सराव: स्वतः प्रश्न करा, पर्यायांसकट

नुसते प्रश्न सोडवून चुकीची सवय पक्की होत जाते. रोज एक प्रश्न स्वतः तयार करा. आधी नात्याचं वाक्य लिहा, मग त्यातून जोडी काढा आणि शेवटी तीन चुकीचे पर्याय मांडा. प्रत्येक चुकीच्या पर्यायाशेजारी तो कोणत्या चुकीसाठी ठेवला ते लिहायचं: ‘उलटी दिशा’, ‘भागाऐवजी प्रकार’, ‘विरुद्धार्थी’, ‘नुसता आठवणारा’. चूक लिहिता आली नाही तर तो पर्याय काढून टाका.

मग प्रश्न दुसऱ्याला द्या आणि त्याचं कारण ऐका. त्याचं उत्तर वेगळं आलं आणि कारण होकारार्थी, तिघांना बांधणारं असेल, तर प्रश्न सुधारायचा आहे. कारणात ‘नाही’ असेल किंवा ‘जवळचा वाटला’ असेल, तर त्याच्यासोबत दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा, तळहात पर्यायांवर ठेवून.